रोकडताईंचा उरलेला वाद

ऑफिसात त्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. त्या रोकडताई होत्या. हे नाव कोणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण इतकं चपखल बसलं होतं की एकदा साहेबांनीही भर मीटिंगमध्ये चुकून तसंच म्हटलं आणि नंतर जीभ चावली. ताईंनी राग मानला नाही. राग मानायचा तर त्यासाठीही समोर कोणीतरी आपलं लागतं.

लोकांनी विश्वासानं सोपवलेली बचत कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवायची, हे त्या ऑफिसचं काम. त्यात निवृत्त शिक्षक होते, परिचारिका होत्या, छोटे दुकानदार होते. ताई कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत आणि कुठल्या कंपनीत पैसे घालावेत, कुठल्या कंपनीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, याची टिपणं साहेबांपुढे ठेवत. अहवालाच्या पहिल्या पानांवर अध्यक्षांचा हसरा फोटो असायचा, पुढे निव्वळ नफ्याचे चढते खांब असायचे. ताई ते सगळं ओलांडून थेट मागे जात. कंपनीच्या हातात खरोखर किती पैसे आले आणि यंत्रं-इमारतींवर खर्च करून किती उरले, ते तिथे बारीक अक्षरात असतं. त्या उरलेल्या पैशाला सगळे फ्री कॅश फ्लो म्हणत, ताई सरळ ‘रोकड’ म्हणत.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर नफेराव बसत. हेही ऑफिसनंच ठेवलेलं नाव. ताई रोकडीच्या, म्हणून हे नफ्याचे. गृहस्थ ताईंपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, गोल चेहऱ्याचे, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. बोलताना पेन उघडं ठेवून खिशात टाकायची सवय होती आणि बोलणं काही थांबत नसे.

दोघं दुपारी एकत्र डबा खात. डबा कसला, वादच खात.

“ताई, समजा मी खुर्च्या बनवतो,” राव सुरू करत. “शंभर खुर्च्या तुम्हाला दिल्या, पैसे तुम्ही दोन महिन्यांनी देणार. मी या महिन्यात काम केलं, माल दिला, कमाई झाली. ती याच महिन्याच्या नफ्यात दिसायला नको?”

“दिसू दे की. पण मी पैसे दिलेच नाहीत तर?”

“तुम्ही द्याल. तुम्ही सज्जन आहात.”

“मी सज्जन आहे हे तुमच्या कुठल्या पानावर लिहिलंय?”

मग राव हसत आणि दुसऱ्या बाजूनं येत. “बरं, मी मोठं यंत्र घेतलं. ते दहा वर्षं चालणार. तुमच्या रोकडीच्या हिशेबात या वर्षी मी भिकेला लागलो, पुढची नऊ वर्षं एकदम शेठ. खरं चित्र ते आहे का? नफ्यात आम्ही यंत्राची किंमत दहा वर्षांवर वाटून लावतो, दरवर्षी थोडा घसारा. नफा शहाणा आहे ताई, तुमची रोकड आहे हळवी. आज पैसे गेले की रडते, उद्या आले की नाचते.”

“हळवी असेल, पण थापा मारत नाही. घसारा किती लावायचा, कुठली उधारी बुडीत धरायची, हे सगळं तुमच्या त्या शहाण्या माणसाच्या मर्जीवर. बँकेत पैसे आहेत की नाहीत, यात मर्जी कुणाची चालत नाही.”

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. ऑफिसातली बाकीची मंडळी कंटाळून दुसऱ्या खोलीत जेवत. ताईंच्या घरी दोन खोल्या, एक खिडकी आणि आजारी आई. आई अलीकडे ताईंनाच आपली बहीण समजून बोलायची, त्यामुळे घरात कितीही बोललं तरी ताईंशी कोणी बोललं असं व्हायचं नाही. ताईंची धाकटी बहीण परदेशात होती. रविवारी तिचा फोन यायचा आणि तब्येतीच्या चौकशीवर संपायचा. थोडक्यात, दिवसाकाठी ताईंच्या म्हणण्याला कोणी खरं उत्तर दिलं तर ते डब्याच्या वेळेला.

एकदा राव जिंकलेही होते. औषधांसाठी काचेच्या बाटल्या करणारी एक कंपनी होती. नफा बरा, पण रोकड तीन वर्षं उणे. ताईंनी फुली मारली. राव म्हणाले, “पैसे गेले कुठे ते बघा. गिऱ्हाइकं वेळेवर पैसे देतायत. धंद्यातून पैसा येतोय, तो सगळा नव्या भट्टीत चाललाय. भट्टी पेटली की बघा.” साहेबांनी रावांचं ऐकलं. भट्टी पेटली आणि कंपनी अशी चालली की त्या वर्षी ऑफिसात सगळ्यांना बोनस मिळाला. ताईंनाही. रावांनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. फक्त आठवडाभर डब्याच्या वेळी ‘भट्टी’ हा शब्द ते जरा लांबवून उच्चारत होते. ताईंना त्याचा राग आला नाही. हरण्यातही सोबत असते, हे त्यांना तेव्हा कळत नव्हतं.

मग आई गेली. राव आणि त्यांची बायको दोघं येऊन गेले, बराच वेळ बसले. त्यानंतर ताई सुटीच्या दिवशीही ऑफिसला यायला लागल्या.

त्याच सुमारास एका फ्रीजवाल्या कंपनीचा अहवाल आला. दुकानांत थंड पेयं ठेवायची काचेच्या दाराची मोठी कपाटं ती बनवत असे. विक्री दरवर्षी वाढत होती, नफा त्याहून जोरात. वर्तमानपत्रात मालकाच्या मुलाखती. राव अहवाल वाचून अक्षरशः फुलले. ताई मागच्या पानांवर गेल्या आणि थबकल्या. नफा शंभर रुपये असेल, तर धंद्यातून हातात आले होते फक्त वीस, आणि यंत्रांवर खर्च झाले होते चाळीस. म्हणजे उरणं सोडाच, वीस रुपये कर्ज काढून घालावे लागले होते. एखादं वर्ष असं होतं. इथे सलग चार वर्षं हेच.

“भट्टी,” राव म्हणाले. “कंपनी वाढतेय ताई.”

“नाही हो राव. तिथे पैसे भट्टीत गेले होते, हे तुम्हीच मला दाखवलंत. इथे चाळीस यंत्रांत गेले हे खरं, पण ते ऐंशी कुठायत? डीलरांकडची येणी बघा. विक्री दीडपट झाली, येणी तिप्पट झाली.”

“नवीन गावांत नवीन डीलर जोडतायत. त्यांना उधारी द्यावीच लागते.”

“मग मी बघून येते.”

“या बघून,” राव म्हणाले. ते हसत होते, पण डब्याचं झाकण जरा जोरात लावलं गेलं.

ताई बस पकडून डीलरांच्या रस्त्यावर गेल्या. लांबलचक रस्ता, दोन्हीकडे पंखे, वजनकाटे, दुकानाचं सामान. एका डीलरकडे त्यांनी सरळ सांगितलं, मी गुंतवणूक कंपनीतून आलेय, तुमचा धंदा कसा चाललाय ते समजून घ्यायचंय. माणूस बोलका होता. त्यानं मागचं गोदाम उघडून दाखवलं. छतापर्यंत फ्रीजची कपाटं, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. दोन ओळींमधून आडवं होऊन जावं लागत होतं.

“एवढे विकले जातात?” ताईंनी विचारलं.

“छे हो! वर्ष संपत आलं की कंपनीचा माणूस येतो. म्हणतो, उचला अजून पन्नास, पैसे विकल्यावर द्या, नाही विकले तर परत करा. आमचं काय जातंय? जागा पडूनच होती.”

“परत करता येतात?”

“बोली तशीच आहे. कागदावर नाही म्हणा.”

कंपनीच्या लेखी मात्र ते फ्रीज विकले गेले होते. नफ्यात धरले होते, त्या नफ्यावर करही भरला होता, भागधारकांना लाभांशही दिला होता, आणि ते पैसे आले होते बँकेच्या कर्जातून. आणखी तीन दुकानांत ताईंनी असंच गच्च गोदाम पाहिलं. परतीच्या बसमध्ये त्यांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्या फक्त विचार करत होत्या, रावांना हे कसं सांगावं.

त्यांनी साहेबांच्या आधी रावांनाच सांगितलं. रावांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. पेन बंद करणारे राव ताई पहिल्यांदाच पाहत होत्या.

“चार डीलर म्हणजे सगळा देश नाही ताई.”

“नाही. पण अहवालातला आकडाही तेच सांगतोय.”

“तुम्ही बाटल्यांच्या वेळीही असंच अडून बसला होतात.” असा टोमणा त्यांनी बारा वर्षांच्या सोबतीत कधी मारला नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मुलीच्या शिक्षणाचं बघतोय. वरची जागा रिकामी होतेय. ही कंपनी मी सुचवलेली आहे, एवढी तरी राहू द्या.”

मीटिंगमध्ये ताईंनी जे होतं ते सांगितलं. लोकांच्या बचतीचा प्रश्न होता, तिथे भिडेला जागा नव्हती. राव सुंदर बोलले. साहेबांनी दोघांचं ऐकलं आणि म्हणाले, “बाजार नफ्याला भाव देतोय. आपण तेवढे बाहेर बसून काय करणार?” शेअर घेतले गेले. ताईंचं टिपण फाइलला लागलं.

पुढची दोन वर्षं त्या शेअरनं ताईंचं तोंड बंद केलं. भाव दुप्पट झाला, मग त्याच्याही पुढे गेला. राव वरच्या जागी गेले, त्यांना काचेची खोली मिळाली. डबा ते खोलीतच खाऊ लागले, कारण त्या वेळेला त्यांना फोन असत. पहिले काही दिवस ताईंना बोलवायचे. दोघं समोरासमोर बसत आणि हवापाण्याचं बोलत. फ्रीजचा विषय निघू नये म्हणून इतकी काळजी घ्यावी लागे की जेवण अंगी लागत नसे. मग बोलावणं बंद झालं. कोणी कोणावर रागावलं नव्हतं. दोन माणसांमध्ये एक विषय येऊन बसला होता आणि तो उठायचं नाव घेत नव्हता.

ताई टेबलावर एकट्या जेवत. कधी अहवाल वाचता वाचता त्यांच्या तोंडून निघून जाई, “आता याला काय म्हणाल?” आणि समोर नवीन आलेला संगणकवाला कानाला हेडफोन लावून मान डोलावत असे, गाण्याला.

फ्रीजच्या कंपनीचं झालं ते थोडक्यात सांगता येतं. बँकेनं नवीन कर्ज नाकारलं. कर्ज नाही म्हणून पगार थकले. मग कंपनी डीलरांच्या मागे लागली, आणि डीलरांनी पैसे द्यायच्या ऐवजी फ्रीज परत पाठवले, ट्रकच्या ट्रक. पाच वर्षांचा नफा एका तिमाहीत पुसून काढावा लागला. शेअर असा कोसळला की विकायला गिऱ्हाईक मिळेना. ऑफिसच्या फंडाला मोठा खड्डा पडला.

साहेबांना कोणाकडे तरी बोट दाखवायला हवं होतं, आणि त्यांचं स्वतःचं बोट स्वतःकडे वळणारं नव्हतं. राव राजीनामा देऊन गेले. जाताना खोलीतलं सामान एका पिशवीत भरलं, सगळ्यांशी हात मिळवले, ताईंपाशी येऊन म्हणाले, “बरोबर होतात तुम्ही.” ताईंना काहीतरी म्हणायचं होतं. मध्येच कोणीतरी रावांच्या हातात सही करायचा कागद दिला आणि लिफ्ट आली.

त्यानंतर ताईंचं जुनं टिपण फाइलमधून बाहेर आलं. साहेबांनी ते सगळ्यांना वाचायला दिलं. आता मीटिंगमध्ये ताई बोलल्या की सगळे माना हलवत. ‘ताई म्हणतायत तर रोकड बघूनच घेऊ.’ कोणी उलटून विचारत नसे. ताई मुद्दाम एखादं कच्चं विधान करून पाहत. तेही लोक लिहून घेत. मान वाढला होता, पगार वाढला होता, आणि दिवसभरात एकही माणूस “पण ताई” असं म्हणत नव्हता.

मग फरश्यांच्या कंपनीचा अहवाल आला. या वेळी सगळं उलटं होतं. नफा यथातथा, पण रोकड भरभरून. साहेब खूश. “ताई, ही तर तुमच्याच मापाची!” ताईंनाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण मनात कुठेतरी खुट्ट झालं. त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. जुन्या भट्ट्या झिजत चालल्या होत्या, त्यांचा घसारा मोठा होता, आणि नवीन यंत्रांवरचा खर्च त्याच्या पाव हिस्साही नव्हता. मातीवाल्यांचे, वाहतूकवाल्यांचे पैसे देणं लांबवलेलं होतं. पैसे उरत होते, कारण द्यायचे ते दिले जात नव्हते आणि दुरुस्त करायचं ते केलं जात नव्हतं. नफा हे पुटपुटत सांगत होता. रोकड मात्र नाचत होती.

हळवी आहे तुमची रोकड. ताईंना वाक्य आवाजासकट ऐकू आलं. त्यांनी त्या संध्याकाळी अहवाल पिशवीत घातला आणि रावांच्या घरी गेल्या.

राव आता घरीच शिकवण्या घेत, कॉमर्सच्या मुलांच्या. बैठकीत फळा टांगला होता. वहिनींनी दार उघडलं, “या ना ताई, किती दिवसांनी,” म्हणत चहा टाकायला गेल्या. राव वाळले होते. शर्ट स्वच्छ होता, खिसा कोरा.

इकडचं तिकडचं झालं. ताईंनी अहवाल काढून पुढे केला. “हे बघा जरा. रोकड सोन्यासारखी आहे, आणि मला ती खोटी वाटतेय. मला वाटतं या वेळी नफा खरं बोलतोय. तुमचं मत हवंय.”

रावांनी अहवाल घेतला, मुखपृष्ठावरून हात फिरवला आणि न उघडता टीपॉयवर ठेवला.

“तुम्ही म्हणता तर तसंच असेल.”

“अहो, मी तुमचीच बाजू मांडतेय! भट्टी झिजते, तिचा खर्च आज पैसे गेले नाहीत म्हणून संपत नाही. घसारा तेच सांगतो. तुम्ही नव्हता म्हणायचात?”

“म्हणायचो.”

“मग आता मी चुकत असेन तर सांगा. वाद घाला माझ्याशी.”

राव हसले, पाहुण्याकडे बघून हसतात तसं. “तुमचं बरोबर असतं ताई. तेव्हाही होतं. मी मुलांना आता नुसती सूत्रं शिकवतो, मत देत नाही. मत दिलं की कोणाचे तरी पैसे त्याच्या मागे जातात.”

“एकदा तुम्ही जिंकलात, एकदा मी. यात सगळं संपण्यासारखं काय आहे?”

“तुम्ही हरलात तेव्हा कुणाचं काही बुडालं नाही,” राव म्हणाले. “मी हरलो तेव्हा परिचारिकांचे पैसे होते त्यात. माझी मावसबहीण होती त्यातली एक.”

ताईंना हे ठाऊक नव्हतं. वहिनी चहा घेऊन आल्या. चहा झाल्यावर मुलं यायची वेळ झाली म्हणून ताई उठल्या. रावांनी अहवाल त्यांच्या हातात परत दिला, दारापर्यंत आले, जिना जपून उतरा म्हणाले.

ताईंनी टिपण एकटीनंच लिहिलं. आधी आपली बाजू लिहिली, मग रावांनी काय उत्तर दिलं असतं ते लिहिलं, मग त्यालाही उत्तर. रावांचे मुद्दे लिहिताना त्यांना जाणवलं की ते आपल्या मुद्द्यांपेक्षा चांगले उतरतायत. मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, “मी जन्मभर सांगत आले की रोकड बघा. आज सांगते, रोकड कुठून आली तेही बघा. न दिलेल्या बिलांतून आलेली रोकड ही पुढच्या वर्षाकडून घेतलेली उसनवारी आहे. नफ्यावर भरवसा ठेवणारे लोक वेडे नसतात. त्यांना पुढचं दिसत असतं. फक्त ते दिसलेलं खरं होईल की नाही, हे एखाद्यानं हातात आलेली रोकड मोजून तपासावं लागतं.”

साहेबांनी मान हलवली. सगळ्यांनी माना हलवल्या. कंपनी वगळली. पुढचा विषय निघाला.

ताईंनी रावांना फोन करून निकाल सांगितला. “छान झालं,” ते म्हणाले, आणि मुलीची परीक्षा जवळ आल्याचं सांगितलं.

ताई अजूनही अधूनमधून त्यांच्याकडे जातात. वहिनी चहा करतात. गुडघ्यांचं बोलणं होतं, पाण्याचं होतं, मुलीला लांबच्या शहरात नोकरी लागली त्याचं होतं. कंपनीचं नाव निघत नाही. बाहेर पडल्यावर ताई बसस्टॉपवर एक-दोन बस सोडून देतात. घरी लवकर पोहोचून करायचं असं काही नसतं. मग तिसरी बस येते, तिच्यात जागा असते, आणि त्या खिडकीपाशी बसतात.